व्याह्यांच्या मिक्सरचे बोल्ट

मुलीच्या सासरी मशीन विकू नये, असं मला माझ्या बायकोने बजावलं होतं. मी ऐकलं नाही. वागळे इस्टेटमध्ये माझा छोटा कारखाना आहे. केमिकलवाल्यांसाठी टाकीत माल ढवळणारी मशिनं आम्ही बनवतो. व्याह्यांची कल्याण-शीळ रस्त्यावरच्या मानपाड्याला लाकूडकामाच्या डिंकाची फॅक्टरी. मुलगी केमिकल इंजिनीअर, लग्नानंतर सासऱ्यांच्याच प्लांटवर काम बघायला लागली. मग मिक्सर बाहेरून कशाला घ्यायचा? पहिला मिक्सर दिला, तो छान चालला. माझी कॉलर ताठ झाली.

पुढे त्यांनी एक जाड डिंक काढला. तो जोरात ढवळला की फेस यायचा, म्हणून त्यांना हळू फिरणारा मिक्सर हवा होता. आमच्या धंद्यात नवं ड्रॉइंग कुणी कोऱ्या कागदावर काढत नाही. जुनं काढायचं, जे बदललंय तेवढं बदलायचं आणि पुढे जायचं. मी तेच केलं. मोटर तीच, दहा हॉर्सपॉवरची. पाती थोडी रुंद केली. गिअरबॉक्स बदलला; आधी शाफ्ट मिनिटाला शहाण्णव फेरे घ्यायचा, आता बत्तीस. बाकी सगळं जसंच्या तसं. गिअरबॉक्सचा शाफ्ट आणि पात्यांचा शाफ्ट जिथे जोडले जातात तिथल्या दोन गोल चकत्या, म्हणजे फ्लँज, आणि त्यांना आवळणारे दहा मिलिमीटरचे चार बोल्ट, तेसुद्धा तेच.

मशीन बसवायला गेलो तेव्हा मुलीने बोल्टांवर बोट ठेवून विचारलं, "बाबा, स्पीड कमी केलाय ना? मग हे तेवढेच चालतील?"

तिचे सासरे शेजारी उभे होते. मी हसलो. "अगं, मोटर तीच आहे. आणि हळू फिरणार म्हटल्यावर ताण कमीच येणार ना? तुझं ते डिंकाचं बघ."

व्याही पण हसले. ती गप्प बसली. मला वाटलं, पटलं तिला.

महिना गेला असेल. सकाळी तिचा फोन आला. "बाबा, मिक्सर थांबलाय. म्हणजे मोटर फिरतेय, पण आत पाती हलत नाहीत. लगेच या."

घोडबंदरच्या घरातून निघेपर्यंतच मला कळलं होतं. मोटर फिरते आणि पाती फिरत नाहीत, याचा अर्थ मधला दुवा तुटला. गाडी चालवता चालवता मी तो साधा हिशोब मनात केला, जो मी ड्रॉइंग काढताना करायला हवा होता. मोटरची ताकद तीच ठेवून वेग एक तृतीयांश केला की पिळाचा जोर, म्हणजे टॉर्क, तिप्पट होतो. सायकलवर चढ चढताना आपण गिअर हलका करतो तो याचसाठी. हे मला शाळकरी पोरानेही विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. कल्याण-शीळ रस्त्यावर ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि एकटाच बसून कानापर्यंत लाल झालो.

मानपाड्याला पोचलो. फ्लँज उघडल्यावर चारही बोल्टांचे तुकडे हातात आले, दोन चकत्यांच्या सांध्यावर सुरीने कापल्यासारखे. टाकीतला डिंक न ढवळता तसाच राहिला होता आणि पात्यांभोवती आवळून बसला होता. दोन कामगार आत उतरून तो छिनीने फोडत होते. व्याही दारात उभे राहून ते बघत होते. मला बघताच म्हणाले, "या या, आधी चहा घ्या."

मी तोंड उघडायच्या आत मुलगी सासऱ्यांना म्हणाली. "अप्पा, डिंक जरा जास्तच घट्ट झाला होता. आमच्याकडूनच झालं." माझ्याकडे न बघता बोलली ती. मुलीला असं खोटं बोलताना मी लहानपणीसुद्धा पाहिलं नव्हतं. ती बापाची अब्रू झाकत होती, सासरी, सासऱ्यासमोर. त्या क्षणी जमीन दुभंगून मला पोटात घेती तर बरं झालं असतं.

"नाही हो," मी म्हणालो. "डिंक घट्ट होणारच होता, त्यासाठीच तर मशीन घेतलंत. बोल्ट बारीक पडले. चूक माझी आहे."

व्याह्यांनी कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाले, "मला माहीत होतं."

मी हातातले बोल्टांचे तुकडे खाली ठेवले.

"सूनबाईने मशीन बसलं त्या दिवशी संध्याकाळीच मला सांगितलं होतं. कागदावर मांडून दाखवलं, बोल्ट पंधरा मिलिमीटरच्या खाली नकोत म्हणून. तुम्हाला फोन करते म्हणत होती. मीच नको म्हटलं. म्हटलं, मुलीचे वडील आहेत, चाळीस वर्षं हेच करतायत, आपण त्यांना शिकवायला गेलो तर बरं दिसणार नाही." त्यांचा आवाज बसला. "दुसरा कोणी असता ना, तर उभा नसता केला मी."

मला राग यायला हवा होता, आणि एरवी तो मला चटकन येतो. पण आला नाही. मी व्याही आहे म्हणून त्यांनी तोंड मिटलं, मी बाप आहे म्हणून तिने मिटलं आणि मी दोन्ही आहे म्हणून मला कुणाचं ऐकायची गरज वाटली नाही. एवढ्या मानात डिंक मात्र दगड झाला.

आठवड्याने नवी फ्लँज घेऊन गेलो. या वेळी हिशोब करून. बोल्टांच्या वर्तुळाची त्रिज्या ऐंशी मिलिमीटर, बोल्ट चार, जाडी हिशोबाने पंधरा मिलिमीटर येत होती म्हणून सोळाचे घेतले. व्याह्यांनी मुलीला बोलावलं आणि माझ्यासमोर म्हणाले, "तू बघून हो म्हणालीस तरच बसवायचं."

तिने कागद घेतला. सगळं नीट वाचलं. प्लांटचे चार लोक भोवती उभे होते.

"हा टॉर्क मशीन चालू असतानाचा आहे," ती म्हणाली. "रात्रभर माल टाकीत बसलाय आणि सकाळी मोटर सुरू केली, तेव्हाचा धक्का कुठे धरलाय?"

मी धरला नव्हता. पुन्हा. घाईघाईत म्हणालो, "तेवढं सोळाचे बोल्ट खपवून घेतात गं."

"किती खपवून घेतात?" तिने विचारलं. आवाज नेहमीचाच होता, पण 'बाबा' नाही म्हणाली.

व्याही माझ्यासाठी लाजून जमिनीकडे बघायला लागले. मी एका रिकाम्या ड्रमवर कागद पसरला आणि सगळ्यांसमोर पुन्हा आकडे मांडायला बसलो. सुरुवातीचा धक्का दीडपट धरला. चार बोल्ट पुरत नव्हते. त्याच वर्तुळावर सोळाचेच सहा हवे होते, म्हणजे फ्लँज परत वागळेला न्यायची, पुन्हा भोकं पाडायची.

"सहा," मी म्हणालो. माझे कान तापले होते.

तिने माझ्या हातून पेन घेतलं, शेवटच्या ओळीपर्यंत स्वतः पुन्हा मांडून पाहिलं आणि म्हणाली, "हो, सहा." मग, मी तिच्याकडून नेहमी अपेक्षा करतो तसं काहीही गोड न बोलता, माणसांना म्हणाली, "हे परत गाडीत ठेवा. आज बसणार नाही."

मी तिथेच ड्रमपाशी उभा होतो. लाज वाटत होतीच, पण या वेळी मुलगी मला झाकत नव्हती. जड फ्लँज मी एका बाजूने धरली, दुसऱ्या बाजूने उचलायला मुलगी आली.