ओला वेत

एका मंगळवारी सकाळी वडील खुर्चीत वाचत बसले आणि उठले नाहीत. त्यांना उचलताना शेजाऱ्यांचा गुडघा बैठकीवर पडला आणि वेत फाटला.

तेराव्याला त्यांची गादी, छत्री, चपला दान दिल्या. खुर्चीही द्यायची असं दादाच्या मनात होतं. गुरुजींनी बैठक पाहिली आणि मान हलवली. मोडकी वस्तू दान देत नाहीत. नीट करून घ्या, वर्षश्राद्धाला द्या. खुर्ची गॅलरीत गेली. मला ती घरातून जायला नको होती, पण तसं मी कुणाला म्हणाले नाही. त्या वर्षात मी बहुतेक गोष्टी कुणाला म्हटल्या नाहीत. वाचनालयात जायची, पुस्तकं जागेवर लावायची, घरी यायची.

वर्षश्राद्ध आठवड्यावर आलं तेव्हा दादा पुण्याहून आला. त्यानेच सातपूरहून वेतकाम करणारे काका बोलावले. ते मोटरसायकलला वेताची गुंडाळी अडकवून आले.

"घरातच बसतो मावशी," ते आईला म्हणाले. "खुर्ची घेऊन फिरलो तर लोकांना वाटतं, निवडणुकीला उभा राहिलो."

आई हसली नाही. चहा ठेवायला गेली.

त्यांनी फाटका वेत सुरीने कापून काढला. चौकटीच्या कडेने भोकं होती, त्यांत जुने तुकडे अडकले होते. ते सळईने ठोकून मोकळे केले. मी बादलीत कोमट पाणी आणून दिलं. कडक पट्ट्यांची वेटोळी त्यांनी पाण्यात सोडली, पण सगळी नाही.

"सगळ्या एकदम नाय भिजवायच्या. जास्त वेळ राहिल्या की काळ्या पडतात, तंतू सुटतो."

थोड्या वेळाने एक पट्टी बोटाभोवती गुंडाळून पाहिली. मोडली नाही. चकचकीत बाजू वर ठेवून त्यांनी ती मागच्या भोकातून पुढच्या भोकात ओढली आणि लाकडी खुंटी ठोकून टोक धरून ठेवलं. मागून पुढे एक थर झाला, त्यावर डावीकडून उजवीकडे, मग पुन्हा मागून पुढे. चौथा थर खालीवर गुंफत न्यावा लागत होता. शेवटी तिरपे दोन. मधूनमधून ओला फडका विणीवर फिरवत. दुपारी जेवायला थांबले तेवढाच हात थांबला. मी दारात पुस्तक घेऊन बसले होते. पान उलटल्याचं आठवत नाही.

संध्याकाळी त्यांनी कडेची भोकं जाड पट्टी बांधून झाकली आणि उठले. आई चहाचा कप घेऊन शेजारीच उभी होती.

"आता ओली आहे. सावलीत वाळू द्या. परवापर्यंत कोणी बसायचं नाय. वाळली की आपोआप ताणते, ढोलकीसारखी वाजेल. ओल्यात बसलं तर जी सैल पडेल ती कायमची."

दादाने दोनदा मान डोलावली. खुर्ची त्यानेच सावलीत सरकवली. रात्री जेवताना म्हणाला, "चला, एक काम झालं." मी पानातलं संपवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वाचनालयातून आले तर आई खुर्चीत बसली होती. वडील होते तोवर ती त्या खुर्चीत कधी बसली नव्हती. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवून बसली होती. वीण तिच्याखाली वाकली होती. दादा समोर उभा होता.

"आई, ऊठ. काल सांगितलं ना त्यांनी!"

"ऐकलं होतं. कान शाबूत आहेत माझे."

"मग?"

"मग काय. बसले."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी पिशवी खाली ठेवली. तिला उठवायला मी गेले नाही.

त्याने काकांना पुन्हा बोलावलं. ते आले, पंजाने बैठक दाबली, खाली वाकून पाहिलं.

"सैल वाळली. आता नाय ताणणार. पाहिजे तर सगळी कापून नव्याने विणतो. मोडायची नाय बरं का, बसायला चालेल. पण अशी कुणाला देऊ नका, माझं नाव खराब होईल."

"कापायची नाही," आई म्हणाली. "आणि द्यायचीही नाही."

"गुरुजींना काय सांगू मी?" दादा म्हणाला.

"म्हातारी ओल्यात बसली म्हणून सांग."

काका तोंड फिरवून हसले. श्राद्धाला दादाने बाजारातून तांब्याभांडं आणलं, ते दिलं आणि पुण्याला गेला.

खुर्ची घरात आहे. दुपारी आई तिच्यात बसते. घरात आम्ही दोघी आहोत.