सहीखालची पॅरिसची ओळ

दोहातल्या मुशैरिब भागातल्या ऑफिसात मी ॲडमिनचं काम बघत होते. एके दिवशी पॅरिसच्या मुख्य ऑफिसातून मेल आला: सगळ्यांनी ईमेलखाली एकसारखी फ्रेंच सही लावायची. नमुना सोबत होता.

माझ्या नावाखाली लिहिलं होतं, 'रेस्पाँसाब्ल ॲडमिनिस्ट्रातिव्ह'. मला फ्रेंच येत नव्हतं, पण तो पहिला शब्द इंग्रजी 'रिस्पॉन्सिबल'सारखा वाटला. जबाबदार? कशाला? गेल्याच आठवड्यात एक टेंडर चुकीच्या पत्त्यावर गेलं होतं. ते माझ्या गळ्यात घालायचा डाव तर नव्हता? त्याखाली गोपनीयतेची सूचना होती: संदेश चुकून मिळाला असेल तर पुसून टाका आणि पाठवणाऱ्याला कळवा. तीही मला माझ्यासाठीच लिहिल्यासारखी वाटली.

आयटी बघणारा सहकारी रत्नागिरीचा. त्याच्याशी मी मराठीत बोलायचे. त्याला नमुना दाखवून मनातली भीती सांगितली.

"ताई, रेस्पाँसाब्ल म्हणजे विभागाची प्रमुख. तुला बढती मिळालीये, आणि तू घाबरतेस?"

"मग पगाराचं पत्र कुठाय?"

मी नमुना पुन्हा वाचायला घेतला, या वेळी शब्द न् शब्द भाषांतर करून. फोन ठीक होता, कतारच्या +974 पासून सुरू. त्याखाली बारीक अक्षरांत कायदेशीर मजकूर: कंपनीचा प्रकार, भांडवल, मुख्य कार्यालय, नोंदणीचं शहर आणि क्रमांक. सगळं फ्रान्समधल्या कंपनीचं. मी माझा करार काढला. त्यावर दोहात नोंदलेल्या कंपनीचं नाव होतं, नोंदणी क्रमांकही वेगळा. पॅरिसवाल्यांचा तिच्यात फक्त हिस्सा होता.

म्हणजे मी रोज जे मेल पाठवणार होते, ते माझी नसलेली कंपनी पाठवते आहे असं दिसणार होतं.

मी मॅनेजर बाईंकडे गेले. त्या फ्रेंच, स्पष्टवक्त्या. "ही ओळ माझ्या मालकाची नाही," मी म्हणाले.

"सगळे तीच लावणार आहेत. तुम्हाला शंका कसली?"

मी करार पुढे ठेवला. त्यांनी दोन्ही क्रमांक शेजारी शेजारी वाचले. चेहऱ्यावरची वैतागाची रेषा हळूहळू गेली. "लीगलला विचारते," एवढंच म्हणाल्या. निघताना मी पदाचंही विचारलं. "तुम्ही विभाग चालवता ना? मग तेच लिहिलंय. टेंडरचा याच्याशी संबंध नाही." टेंडरचा मी उच्चारही केला नव्हता. त्यामुळे माझा संशय उलट वाढला.

चार दिवसांनी पॅरिसहून उत्तर आलं. फ्रान्सची ओळ फ्रान्सच्या लोकांसाठी. दोहासाठी वेगळा नमुना, इथल्या कंपनीचं नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक घालून. गोपनीयतेची सूचना तशीच राहिली, फक्त तिच्याखाली इंग्रजी भाषांतर आलं. आयटीवाल्यानं सगळ्यांच्या सह्या बदलल्या. "खलास, ताई. आता तरी झोप लागेल?"

टेंडरबद्दल मला कुणी कधीच विचारलं नाही. बढतीचं पत्र मात्र मी लेखी मागितलं, आणि ते हातात पडल्यावरच सहीखाली ते पद लावलं.