चाचांचा पाना आणि एकशे दहाचा आकडा

नेरजवळच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मी मेंटेनन्स बघायला लागले, तेव्हा तिथले जुने फिटर साठीचे होते. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणू लागले. ते मला बेटी म्हणायचे. त्यांचा टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोरावर 'टक्' करून थांबायला सांगणारा पाना, दुसऱ्या कुणी हातात घेतलेला त्यांना चालत नसे.

हंगामापूर्वीच्या दुरुस्तीत मोठ्या पंख्याच्या बेअरिंगचे बोल्ट दुसऱ्यांदा ढिले निघाले. ते चाचांनीच त्यांच्या पान्यानं आवळले होते. दुपारी ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "बेटी, यंदा मले सुट्टी दे. टक् झालं असं मले वाटते, झालंच नसंन. कान गेले माये."

मी त्यांना थांबवून घेतलं. पान्याचा जोर मोजणारा नवा टॉर्क टेस्टर आदल्याच आठवड्यात आला होता, प्रमाणपत्रासकट. तो टेबलाला पक्का बसवला आणि पाना चाचांच्याच हाती दिला. आधी पूर्ण क्षमतेवर, म्हणजे दोनशे न्यूटन-मीटरवर, पाच वेळा नुसता ओढायला लावला. ते आकडे लिहायचे नसतात. मग चाळीस, एकशेवीस आणि दोनशेवर पाच-पाच वेळा. मुठीच्या मधोमध धरून, शेवटी सावकाश.

पंख्याच्या बोल्टांना एकशेवीसचाच जोर लागतो, म्हणून माझं लक्ष तिथंच होतं. एकशे दहा. एकशे नऊ. एकशे दहा. एकशे दहा. एकशे नऊ. बाकी दोन्ही ठिकाणीही पाना तसाच कमी भरला. चार टक्क्यांपर्यंतची चूक चालते, ही नऊच्या आसपास होती.

चाचांनी मान खाली घातली. मी त्यांच्यापुढे वही धरली. "हे पाचही आकडे पाहा. एकाचाच फरक आहे. कान किंवा हात चुकले असते, तर आकडे इकडंतिकडं पळाले असते. तुम्ही दरवेळी बरोबर थांबता. पानाच लवकर टक् करतो, त्याची स्प्रिंग थकली आहे."

त्यांनी एकेका आकड्यावर बोट ठेवून पाहिलं. मग रुमालानं चष्मा पुसला, उगाचच.

आलेले आकडे तसेच नोंदवून मी पान्याचा जोर पुन्हा बरोबर जुळवला आणि सगळी चाचणी पुन्हा घेतली. आता एकशेवीसला एकशेवीस-एकशेएकोणीस दाखवू लागला. बोल्ट तेवढ्यानंच ढिले झाले असं मी म्हणणार नाही, वॉशरही चेपलेले होते, ते बदलले. पण याआधी पाना तपासला होता, त्यानंतर त्यानं आवळलेला प्रत्येक जोड आता संशयाचा होता.

दोन दिवस आम्ही यादी घेऊन फिरलो. एकेक बोल्ट सैल करायचा आणि नव्यानं आवळायचा. मी यादीवर खूण करत होते. दुसऱ्या दिवशी शेवटच्या बोल्टापाशी चाचांनी पाना माझ्या हातात दिला.

"वढ," ते म्हणाले, "अन् टक् झालं की मले सांग. मी आयकून राह्यलो."

पाना टक् झाला. मी सांगायच्या आत त्यांनी मान हलवली होती. सुट्टीची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.