कुटुंब म्हणजे कोण

डहाणूत आमच्या संस्थेचं ऑफिस होतं आणि तलासरी तालुक्यात, झरीच्या अलीकडे, मुलींचं वसतिगृह. ऑफिसात मी एकटीच. पगार, हजेरी, रजा, पत्रव्यवहार सगळं माझ्या गळ्यात. माझी जीभ तिखट, हे आधीच सांगून टाकते. संस्थेत कुणाला विचारलंत तरी तेच ऐकू येईल.

रजेचे नियम दीड पानाचे होते आणि ते ज्यांनी लिहिले ते फार सज्जन असावेत. 'शक्यतो', 'साधारणपणे', 'संबंधितांना कळवून' अशा शब्दांची नुसती खैरात. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे: 'कुटुंबातील जवळच्या व्यक्तीचे गंभीर आजारपण अथवा निधन झाल्यास कर्मचाऱ्यास वरिष्ठांना कळवून विशेष रजा घेता येऊ शकते.' घेता येते की नाही, ते सांगा ना! आणि वरिष्ठ म्हणजे कोण? गृहपाल, सचिव, की तिसराच कुणी?

दोन हजार सतराच्या उन्हाळ्यात हे वाक्य आमच्या वसतिगृहातल्या स्वयंपाकिणीच्या अंगाशी आलं. तिची आत्या सिल्वासाच्या दवाखान्यात अत्यवस्थ होती. तिने पाड्यावरून येणाऱ्या जीपवाल्याबरोबर गृहपालांना निरोप धाडला आणि ती गेली. आत्या वारली. क्रियाकर्म उरकूनच ती परतली. आमच्याकडे निरोप पोचला की माणसाने सांगितलं असंच धरतात. लग्नाची आमंत्रणंसुद्धा तशीच जातात. गृहपाल निरोप ऐकून "बरं" म्हणाले होते. तिच्या लेखी ती मंजुरी होती.

सचिवांच्या लेखी ती विनापरवानगी गैरहजेरी होती. सचिव चिकूच्या वाडीचे मालक, गुजराती माणूस, हिशेबाला पक्के, मनाने वाईट नव्हेत. पण त्या आठवड्यात मुलींचे जेवणाचे हाल झाले होते आणि पालक भांडायला आले होते. जूनमध्ये तिला कायम करायचं ठरलं होतं. त्याऐवजी तिच्या हातात कारणे दाखवा नोटीस पडली. नवरा नाही, दोन पोरं शिकतायत. ही नोकरी गेली असती तर तिला वापीच्या कारखान्यात पाळीवर जावं लागलं असतं आणि पोरांची शाळा सुटली असती.

"बेन, तुम्ही आधी नियम नीट लिहा," सचिव मला म्हणाले. "असे लिहा की कोणी उलटा अर्थ काढू शकणार नाही. मग त्याच नियमाने बाईचा निकाल लावू."

"म्हणजे आज नियम करायचा आणि गेल्या महिन्यातल्या माणसाला त्यात पकडायचं?"

"पहिले लिहा तर खरे."

लिहायला बसले. चिडले की माझं काम चांगलं होतं. रजा कोणाला, अपवाद कोणते, मंजुरी कोणाची, असे तीन भाग पाडले. 'शक्यतो' आणि 'साधारणपणे' हाकलून दिले. एका वाक्यात एकच गोष्ट ठेवली. कळवणं वेगळं, मंजुरी वेगळी, हे स्वतंत्र ओळीत सांगितलं. मंजुरी गृहपालांची, ते रजेवर असतील तर ऑफिसची. अर्जाला दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही असं उत्तर द्यायचंच, आणि उत्तर आलं नाही तर रजा मंजूर धरायची. तातडीच्या वेळी आधी जा, त्याच दिवशी स्वतः किंवा दुसऱ्याकरवी कळवा, परत आल्यावर अर्ज द्या. पाड्यावर रेंज नसते, म्हणून निरोपही चालेल असं लिहिलं. आणि कुटुंब म्हणजे आई, वडील, नवरा किंवा बायको, मुलं, सख्खी भावंडं, सासू-सासरे. सचिवांनी तिथे पेनने लिहिलं, 'याव्यतिरिक्त कोणी नाही.'

मग मी मसुदा घेऊन वसतिगृहात गेले. नियम आपल्याला समजला म्हणून काय उपयोग? ज्यांच्यावर तो चालणार त्यांना समजला पाहिजे. पडवीत सगळ्यांना बसवलं, मोठ्याने वाचलं आणि काल्पनिक प्रसंग विचारायला लागले. माळ्याच्या सासऱ्यांचा अपघात झाला, तर? "मिळेल." पहारेकरी मित्राच्या लग्नाला गेला, तर? "विशेष नाय, साधी मिळेल, आधी विचारून." गृहपालांनी चार दिवस उत्तरच दिलं नाही, तर? सगळे गृहपालांकडे बघून हसले. "मंजूर!" उत्तरात कुणाची फाटाफूट नाही. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते.

शेवटचा प्रसंग मी मुद्दाम ठेवला नव्हता. ओघात तोंडातून गेला. "आणि आत्या वारली, तर?"

भांडी पुसत दारात उभी असलेली स्वयंपाकीण बोलली.

"नाय मिळायची. आत्या त्यात नाय." मग माझ्याकडे बघून, अगदी शांतपणे, "आता माना समजला, बाई. मंग मीच चुकलू ना."

अहो, माझ्या डोक्यात तिडीकच गेली! तिच्यावर नाही, त्या कागदावर. इतका स्वच्छ लिहिला होता की जिच्यावर अन्याय होत होता तिलाही तो पटला. आई तिला जन्म देऊनच गेली होती. बाप कामाला म्हणून गेला तो परतलाच नाही. आत्याने तिला वाढवलं, तिचं लग्न लावून दिलं. हे सगळं गृहपालांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि नियमाला माहीत नव्हतं.

तशीच डहाणूला परतले आणि थेट सचिवांच्या वाडीवर गेले.

"बेन, आत्या घातली की मावशी येईल, मावशीमागून काकी," ते म्हणाले. "बोट दिलं की हात धरतात. सगळा पाडा एकमेकांचा नातेवाईक आहे."

"मग आत्या घालू नका. प्रत्येकाने एकच नाव द्यावं. ज्याने लहानपणापासून सांभाळलं, त्याचं. शाळेच्या वर्षाच्या सुरुवातीला, रजेची गरज पडायच्या आधी. एक नाव म्हणजे एकच."

त्यांना हिशेब पटला. एका नावावर बंद होणारा अपवाद त्यांना चालत होता. मग मी शेवटची ओळ वाचून दाखवली: हे नियम एक जूनपासून, त्याआधीच्या रजा जुन्या नियमाने ठरतील, आणि जुन्या नियमाचे दोन अर्थ निघत असतील तर कर्मचाऱ्याच्या बाजूचा धरावा. यावर आमचं चांगलंच वाजलं. आवाज ऐकून त्यांच्या पत्नी पाणी घेऊन आल्या. शेवटी ते म्हणाले, "तुमच्याशी कोण डोकं लावणार?" आणि सही केली. नोटीस रद्द झाली. जूनमध्ये ती कायम झाली.

त्याच जूनमध्ये मी एका नावाचे अर्ज गोळा करायला वसतिगृहात गेले. माळ्याने थोरल्या काकाचं नाव दिलं, पहारेकऱ्याने आजीचं. स्वयंपाकीण शेवटी आली. कोरा कागद तसाच माझ्यापुढे धरून उभी राहिली.

"बाई, मेलेल्या माणसाचा नाव चालल?"

मी मसुदा दहादा वाचला होता. पडवीत बसून प्रत्येक फट बुजवली होती. तिच्यासाठी केलेला अपवाद तिच्याच उपयोगाचा उरला नव्हता, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि मी ते लपवलंही नाही.

व्यक्ती हयात असावी, असं आम्ही कुठेच लिहिलं नव्हतं.

"चालतं," मी म्हणाले. "सांग नाव."