वीस म्हणजे वीस

आमच्या हॉस्पिटलात माझ्यासारखं कपाट कुणी भरत नव्हतं. मी भरलेल्या कपाटाचं दार लागायचं नाही, एवढंच.

उल्हासनगरला वॉर्डबॉय होतो मी. सिस्टरनी कपाटाच्या दारावर प्रत्येक वस्तूचा आकडा लावला होता. सलाईनच्या नळ्या वीस. रोज सकाळी उरलेल्या मोजायच्या आणि वीसला जेवढ्या कमी तेवढ्याच स्टोअरमधून आणायच्या. एकदा जुलाबाचे पेशंट धडाधड आले, नळ्या संपल्या, आणि मी शेजारच्या वॉर्डात उसन्या मागत पळालो. त्या दिवसापासून मी असा घाबरलो की मोजणंच सोडलं. सरळ खोकी आणायची आणि पुढून कोंबायची.

काही महिन्यांनी सिस्टरनी कपाट उपसलं. मागे तारीख उलटलेल्या नळ्यांचा ढीग! दुपारी मेट्रन तपासणीला येणार, आणि जबाब सिस्टरना द्यायचा.

"वीस कमी पडले तर मला सांग, मी आकडा वाढवीन. पण वीस म्हणजे वीस! आणि जुनं पुढे, नवं मागे."

"सिस्टर, मला इंग्रजीतली तारीख वाचता येत नाही."

"पुढचं-मागचं तरी कळतं ना?"

मेट्रनची बोलणी सिस्टरनी खाल्ली, माझं नाव काढलं नाही. मी मान खाली घालून नळ्या लावत बसलो. समोरच्या खाटेवर सिंधी किराणावाले शेठ सगळं बघत होते. मी उगाच हसत म्हटलं, "शेठ, इथून काढलं तर दुकानात ठेवा मला."

शेठ म्हणाले, "नोकर सोड, पुढचं जुनं नि मागचं नवं हे कळल्यावर तुला मी गिराईक म्हणून पण आत घेणार नाही."