शून्यापासून सुरू झालेल्या तबकड्या

चाकणच्या आमच्या कारखान्यात गिअरबॉक्सचे शाफ्ट भट्टीत घालून कडक करतात. भट्टीशेजारी एक यंत्र असतं. त्यात कागदाची गोल तबकडी फिरते आणि तिच्यावर पेन तापमानाची रेघ ओढत जातं. तापमान उतरलं की रेघ आत, मध्याकडे सरकते. एका लॉटला, म्हणजे एका वेळी भट्टीत गेलेल्या शाफ्टना, एक तबकडी. पुढच्या बाजूला शाई ओली असते म्हणून भट्टीवाले लॉट नंबर आणि सही मागच्या बाजूला करतात. ही पद्धत मी आलो त्याच्या आधीपासूनची.

मी तिथे क्वालिटीत आहे. ग्राहक कंपनीने त्या महिन्याच्या तबकड्या मागितल्या तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. गोल कागद स्कॅनरच्या फीडरमधून जात नाही, म्हणून काच उघडून एकेक तबकडी ठेवत सगळ्या स्कॅन केल्या. रजिस्टरच्या क्रमानेच, पण फक्त पुढची बाजू. स्कॅनरने सगळी पानं एकाच टिफ फाइलमध्ये जोडून दिली. ग्राहकाच्या पोर्टलवर अशी फाइल चढवली की पहिलंच पान दिसायचं. त्यांना प्रत्येक लॉटचं चित्र वेगळं हवं होतं, नंबर टाकून. मी नेटवर शोधून फाइल फोडून पानांना नंबर देणारी एक कमांड मिळवली आणि ती चालवली. फोल्डरमध्ये चाळीस चित्रं पडली. तबकड्या चाळीस, चित्रं चाळीस. मी तेवढंच पाहिलं आणि सगळी चढवून मोकळा झालो.

दोन दिवसांनी ग्राहकाकडून मेल आली. अठरा नंबरच्या चित्रात रेघ बराच वेळ आत गेलेली आहे, म्हणजे भट्टी मधेच थंड झाली होती. तरीही लॉट का सोडला?

रजिस्टरमध्ये अठरावा लॉट ज्याच्या नावावर होता, तो परभणीकडचा माणूस. सहा वर्षं कंत्राटावर, काळेवाडीत भाड्याच्या खोलीत बायको आणि दोन मुली. त्या महिन्यात त्याला कायम करायचं ठरलं होतं. आता पत्राऐवजी त्याच्यापुढे खुलासा लिहायला कोरा कागद ठेवला गेला.

प्लँट मॅनेजरच्या केबिनमध्ये मी लॅपटॉप घेऊन उभा होतो, चित्र दाखवायला.

"ही रेघ बघ," मॅनेजर म्हणाले. "झोपला होतास का?"

"साहेब, माझ्या पाळीत पेन आत गेलंच न्हाई. गेलं असतं तर मीच बोंब मारली असती."

"मग काय कागद खोटं बोलतो?"

"कागदाचं मला ठावं न्हाई. भट्टीचं ठावं हाय."

"राव, भट्टीचं तुला एवढं ठाऊक असतं तर आज कशाला बोलावलं असतं? लिही. लक्ष नव्हतं, पुन्हा होणार नाही. एवढंच."

तो माझ्याकडे पाहत होता. मी त्याच्याकडे पाहायचं टाळत होतो, म्हणून फोल्डर वरखाली करत राहिलो. सगळ्यात वर एक चित्र होतं, नंबर शून्य-शून्य. चढवताना ते मला दिसलं होतं. स्कॅनर कधी कधी सगळ्याची एक छोटी झलक बनवतो, तसलंच काही असेल असं वाटलं होतं. मी ते उघडलं.

तबकडी होती. पूर्ण, आणि खालच्या कडेला चहाच्या कपाचा अर्धा गोल डाग.

तो डाग मी पाडला होता. स्कॅनिंग सुरू करताना पहिल्याच तबकडीवर माझा कप टेकला होता. पहिली तबकडी शून्यात होती. एक नंबरचं चित्र उघडलं, डाग नाही. म्हणजे प्रोग्रामने मोजणी शून्यापासून केली होती, आणि प्रत्येक चित्रावर त्याच्या आधीच्या तबकडीचा नंबर बसला होता. अठरा नंबरचं चित्र एकोणिसाव्या लॉटचं होतं. संख्या बरोबर जुळली होती, म्हणूनच मला काही खटकलं नव्हतं.

एकोणिसावा लॉट कोणाचा, हेही मला पाठ होतं. माझ्या मित्राचा. कासारवाडीहून आम्ही रोज एकाच मोटरसायकलवर येतो. तो कायम आहे, त्याला फार तर समजपत्र मिळेल. हे सगळं मी तेव्हाच मोजलं. आणखी एक गोष्ट मोजली: गुपचूप नंबर बदलून पुन्हा चढवले तर माझं नाव कुठेच येणार नाही.

हे मोजेपर्यंत त्याने लिहून सही केली होती.

पेन खाली ठेवल्याचा आवाज आल्यावर मी बोललो. "साहेब, थांबा. चित्रांचे नंबर चुकलेत."

"म्हणजे?"

"सॉफ्टवेअरने गडबड केली." पहिलं वाक्य मी असं बोललो. मग म्हणालो, "नाही, मी तपासलं नाही. मूळ तबकड्या मागवा. मागची बाजू बघा."

गोडाऊनमधून गठ्ठा आला. मॅनेजरनी मोजत अठरावी काढली. मागे त्याची सही, पुढे रेघ स्वच्छ गोल. एकोणिसावीची रेघ आत गेलेली, मागे माझ्या मित्राची सही.

मॅनेजर मला म्हणाले, "भाऊ, तुझ्या कॉम्प्युटरनं एका माणसाचं वाटोळं केलं असतं."

कॉम्प्युटरचं नाव आलं, आणि मी ते खोडलं नाही.

एकोणिसाव्या लॉटचे शाफ्ट थांबवायला मॅनेजरनी लगेच फोन केला. मूळ टिफ फाइल शाबूत होती. मी ती पुन्हा फोडली, या वेळी मोजणी एकपासून सुरू करायला सांगून, आणि प्रत्येक चित्र त्याच्या तबकडीच्या मागच्या नंबराशी ताडून पाहिलं. ते करताना आठवलं, त्याने सही केलेला खुलासा अजून मॅनेजरच्या फाइलीत होता.

मी परत गेलो. "तो कागद द्या."

"राहू दे रे. आता कोण बघतंय?"

"कायम करताना बघतील."

त्यांनी कागद दिला. त्याच्या जागी मी माझा खुलासा लिहून ठेवला: नंबर मी दिले, मी तपासले नाहीत. सॉफ्टवेअरचा उल्लेख केला नाही. मॅनेजरनी वाचून खांदे उडवले.

संध्याकाळी मित्र माझ्याशिवायच निघून गेला. मी गेटवर उभा राहिलो. कंत्राटी कामगारांची रांग बाहेर पडत होती. तो आला तेव्हा मी त्याचा कागद त्याच्या हातात दिला. त्याने तो वाचला, चार तुकडे केले आणि खिशात ठेवले.

"साहेब," तो म्हणाला, "येक इचारू? तुमाला कवा कळलं? म्या सही करायच्या आधी का नंतर?"

मला खोटं बोलता आलं असतं. चहाचा डाग कधी दिसला हे फक्त मला माहीत होतं.

"आधी," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. रागावला नाही, आभारही मानले नाहीत. त्याची बस आली तसा तो रस्ता ओलांडून गेला.

पुढच्या महिन्यात तो कायम झाला. पेढे त्याने सगळ्यांना वाटले, मलाही. माझ्या टेबलावर पेढा कागदात ठेवून गेला, मी जागेवर नसताना.