पोकळीकाठचे पांढरे डाग

हाताखाली शिकणाऱ्या डॉक्टर मुलींचं मी तोंडावर कौतुक करत नाही, डोक्यावर बसतात. पण एकीचं आज करणारच.

सोलापुरात एमआरआयचे रिपोर्ट देण्यात माझं आयुष्य गेलं. शिकणाऱ्यांनी निदान सांगितलं की मी मुद्दाम उलटी बाजू घेते. भांडून टिकलं, तरच ते कागदावर जातं.

वळसंगची एक तरुण मुलगी वडिलांबरोबर आली होती. दोन्ही पाय आणि उजवा हात बधिर. आधी दुसरीकडे मणक्याचा एमआरआय झाला, त्यात काहीच निघालं नाही. तेव्हापासून घरात एकच सूर, कामाचा कंटाळा म्हणून सोंग करते. आता मेंदूच्या डॉक्टरांनी मेंदूचाही एमआरआय सांगितला होता. ‘ह्यातबी काय न्हाय निघालं तर गप कामाला लागायचं,’ असं वडिलांनी आमच्या दारातच तिला बजावलं.

पडद्यावर मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांना लागून पांढरे डाग दिसले. माझी विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, मल्टिपल स्क्लेरोसिस वाटतंय." म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती राहून राहून स्वतःच्याच मेंदूतल्या नसांच्या आवरणावर उठते, तो आजार.

मी सुरू केलं. "कशावरून? आपल्याकडे मेंदूचा टीबी काय कमी आहे?"

"टीबीच्या गाठी अशा नसतात. बाजूने घेतलेल्या चित्रात बघा. डाग लांबट आहेत आणि पोकळीच्या कडेवर उभे राहिलेत."

"असतील जुनेच कसले तरी. पांढरे डाग कितीतरी जणांना असतात."

"चोविसाव्या वर्षी, इतके, याच जागी? आणि सगळे जुनेही नाहीत. औषध टोचल्यावर एकच डाग उजळला, बाकीचे नाही. म्हणजे एक ताजा, बाकीचे आधीचे. मी तिला विचारून आलेय. मागच्या वर्षी डावा डोळा दुखून धूसर झाला होता, मग आपोआप निवळला. चष्म्याचा नंबर असेल म्हणून सोडून दिलं."

या भांडणात मी हरले. एवढ्या वर्षांत हे क्वचितच झालंय, आणि मला त्याचा जो आनंद झाला तो काय सांगू! बाई उठून बाहेर जाऊन विचारून आली, हे मी तिला कधी शिकवलं नव्हतं.

मेंदूच्या डॉक्टरांना मी लगेच फोन लावला. पुढच्या तपासण्या तेच ठरवणार होते. हा आजार मुळासकट जात नाही, पण वेळेत औषध सुरू झालं तर पुष्कळ आवरता येतो. फोन ठेवून मी वडिलांना आणि मुलीला आत बोलावलं, पण बोलायला पुढे केलं माझ्या विद्यार्थिनीला.

"काका, हे डाग बघा. नाव आणि औषध मोठे डॉक्टर सांगतील. पण तुमची मुलगी सोंग करत नाही."

वडील पडद्यावरून मुलीकडे वळले. "आमी लई बोललो की हिला," एवढंच म्हणाले.

मुलगी रडेल असं मला वाटलं होतं. तिनं बधिर हातानं चाचपडत मोबाईल काढला आणि माझ्या विद्यार्थिनीपुढे धरला.

"ताई, हेच आईला सांगता का? माझं ती ऐकत न्हाय."